मामा, नोटीस घाबरण्यासारखी नाहीये पण 17 तारीख चुकवू नका: लायसन आणि अतिक्रमणाच्या नोटिशीचं काय करायचं ते सगळं लिहिते

मामा, नमस्कार.

आईने महापालिकेच्या नोटिशीचे फोटो पाठवले, दोन्ही पानं नीट वाचली, काल रात्री परत एकदा वाचली. फोनवर बोलले असते पण दुकानात गिऱ्हाईक असतं, गिरणीचा आवाज असतो, निम्मं ऐकू येत नाही, म्हणून लिहूनच काढते. सवडीने वाचा, आणि मामींना पण वाचून दाखवा कारण कागद त्यांच्याच कपाटात आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे ही दिसायला एक नोटीस आहे पण आत दोन वेगळे विषय आहेत. पहिल्या पानावर लायसनचं, की किराणा आणि पिठाच्या गिरणीचा परवाना 31 मार्चला संपतोय, नूतनीकरण करा, थकबाकी भरा. दुसऱ्या पानावर अतिक्रमणाचं, की दुकानापुढचा ओटा, पत्र्याची शेड, बाहेर ठेवलेल्या गोण्या आणि समोर बसणारी भाजीवाली हे सगळं 7 दिवसांत हटवा. दोन्हीची मुदत वेगळी, टेबल वेगळं, आणि उत्तर द्यायची पद्धतही वेगळी. लोक इथंच चुकतात. दोन्हीचा मिळून एकच अर्ज करतात, मग लायसनवाला म्हणतो हे माझ्याकडे नाही आणि अतिक्रमणवाला म्हणतो मला कागद मिळालाच नाही.

तारखांचं आधी बघू. नोटिशीवर तारीख 6 मार्चची आहे, तुमच्या हातात ती 10 मार्चला आली, आणि खाली लिहिलंय "नोटीस मिळाल्यापासून 7 दिवसांत". म्हणजे 17 मार्च. आत्ताच्या आत्ता पेन घ्या आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात लिहा, "दि. 10 मार्च रोजी मिळाली", खाली सही करा. शिपायाने तुमची सही घेतली असेल तेव्हा त्याच्या वहीत पण 10 च तारीख असणार, पण आपल्याकडे आपली नोंद हवी, नाहीतर कोणी 6 तारखेपासून दिवस मोजले तर आपण भांडत बसणार.

आता लायसन. तुम्ही आईला म्हणालात की आपलं गुमास्ता आहे की, मग आणखी कसलं लायसन. मामा, हे दोन्ही वेगळं. गुमास्ता म्हणजे शॉप अॅक्ट, ते कामगार खात्याचं, 2017 च्या नव्या कायद्यात कमी माणसं कामाला असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते, तीच तुमच्या काउंटरमागे फ्रेम करून लावलीय. महापालिकेचं लायसन निराळं. आपलं शहर मुंबईत येत नाही त्यामुळे इथं महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 लागू होतो, त्याच्या कलम 376 मध्ये ठराविक धंद्यांना महापालिकेची परवानगी लागते, आणि विजेवर चालणारी गिरणी तर त्यात हमखास धरतात. तिसरं म्हणजे खाद्यपदार्थ विकतो म्हणून अन्न नोंदणी, तो 14 आकडी नंबर. ही तिन्ही एकमेकांच्या बदल्यात चालत नाहीत. या नोटिशीत प्रश्न फक्त महापालिकेच्या लायसनचा आहे.

आणि इथं खरी अडचण काय आहे ते सांगते, नोटिशीत ती एका ओळीत आहे पण मला सगळ्यात काळजी तिचीच वाटते. परवानाधारकाचं नाव म्हणून अजून आजोबांचं नाव आहे. आजोबा जाऊन सहा वर्षं झाली, आणि दरवर्षी तुम्ही त्यांच्याच नावाने फी भरत आलात, पावती मिळत गेली म्हणून कोणाला काही वाटलं नाही. पण लायसन हे माणसाला दिलेलं असतं, दुकानाच्या भिंतीला नाही, ते घरासारखं आपोआप वारसाकडे येत नाही. या वर्षी फॉर्मवर सही मागितली आणि तुम्ही आजोबांची सही केलीत, किंवा "वतीने" लिहून तुमची केलीत, तर खोटी माहिती दिली असा मुद्दा निघतो आणि तो अतिक्रमणापेक्षा जड आहे. तेव्हा सही फक्त स्वतःच्या नावाने, स्वतःचीच.

यासाठी दोन अर्ज लागतील, एक परवाना हस्तांतरणाचा आणि दुसरा नूतनीकरणाचा. महापालिकेच्या सेवांच्या यादीत हे दोन्ही वेगळे विषय आहेत, हस्तांतरण, नूतनीकरण, भागीदाराचं नाव बदलणं, व्यवसायाचं नाव बदलणं असं प्रत्येकाचं वेगळं खातं असतं. दोन्ही अर्ज एकाच दिवशी द्या आणि नूतनीकरणाच्या अर्जात एक ओळ घाला की "मूळ परवानाधारक मयत असून हस्तांतरणाचा अर्ज सोबत दिला आहे". असं केलं की तुम्ही लपवलं असं कोणी म्हणू शकत नाही आणि 31 मार्चच्या आत अर्ज दिल्याची नोंद पण होते.

कागद कुठले लागतील ते मामींना सांगा. आजोबांचा मृत्यूचा दाखला, जुना परवाना आणि मागच्या वर्षीची फीची पावती, यंदाच्या मालमत्ता कराची पावती, तुमचं आधार आणि पॅन, जागेचा पुरावा म्हणजे मिळकत पत्रिका, शॉप अॅक्टची ती फ्रेममधली सूचना (झेरॉक्स काढायला फ्रेम उघडावी लागेल), अन्न नोंदणी, आणि बाकीच्या वारसांचं संमतीपत्र. हे शेवटचं महत्त्वाचं. आजोबांचे वारस म्हणजे तुम्ही, आई आणि मोठी मावशी. आईची सही मी आणते, मावशीला मी फोन करते, त्यांचं म्हणणं एवढंच असेल की दुकानाची जागा तुमच्या एकट्याच्या नावावर जातेय का. तर नाही. लायसन तुमच्या नावावर झालं म्हणून जागेचा मालक बदलत नाही, तेवढं संमतीपत्रात लिहूनच टाकू म्हणजे त्यांनाही बरं वाटेल. मिळकत पत्रिकेवर वारस नोंद करायची आहेच पण ती सिटी सर्व्हेची वेगळी फाइल, तिच्यासाठी लायसन अडवून ठेवायचं नाही.

मालमत्ता कराची 4,180 रुपये थकबाकी नोटिशीत दाखवलीय. ती आधी भरा, भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकणार नाही असं नोटिशीतच लिहिलंय. भरायच्या आधी मात्र मागच्या वर्षीची पावती जुळवून बघा, कधी कधी भरलेले पैसे दुसऱ्या मिळकत क्रमांकावर पडलेले असतात. पैसे नागरी सुविधा केंद्रात नाहीतर ऑनलाइन भरायचे, ओळखीच्या माणसाच्या हातात रोख द्यायची नाही.

अर्ज दिला की पोच घ्या. पोच म्हणजे तुमच्या झेरॉक्सवर आवक बारनिशीचा शिक्का, नंबर, तारीख. लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये आहे की अर्जाची पावती देताना त्यावर सेवा किती दिवसांत मिळणार तेही लिहून द्यायचं. त्या मुदतीत परवाना मिळाला नाही किंवा काही कारण देऊन फेटाळला तर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं, तिथेच, वरच्या अधिकाऱ्याकडे. हा हक्क आहे, उपकार नाही. पण पोच नसेल तर काहीच करता येत नाही.

आता दुसरं पान.

नोटिशीत कलम 229, 230 आणि 231 लिहिलंय. 229 म्हणजे रस्त्याला अडथळा होईल असं बांधकाम, 230 म्हणजे रस्त्यावर वस्तू ठेवणं. आणि 231 हे सगळ्यात कडक, त्यात आयुक्तांना अशा गोष्टी नोटीस न देताच काढता येतात. म्हणजे त्यांनी 7 दिवस दिलेत हे आपल्या फायद्याचंच आहे, ते दिवस वापरायचे.

तुम्हाला व्हॉट्सअॅपवर कोणीतरी पाठवलंय ना, सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की 15 दिवसांच्या नोटिशीशिवाय तोडता येत नाही, आईने मला तेही फॉरवर्ड केलं. तो निकाल खरा आहे, नोव्हेंबर 2024 चा. पण त्याच निकालात स्पष्ट लिहिलंय की रस्ता, फूटपाथ अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामाला ते 15 दिवसांचं संरक्षण लागू नाही. तो फॉरवर्ड दाखवून ओटा वाचवायला गेलात तर ऐन वेळी पथकासमोर तोंडघशी पडाल.

म्हणून सगळा प्रश्न एकाच गोष्टीवर येतो, की ओट्याखालची जमीन कोणाची. आणि हे भांडून नाही, मोजून कळतं. मी काल तेच केलं, कागदावर. सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका काढली (`bhulekh.mahabhumi.gov.in` वर बघायला मिळते, सही-शिक्क्याची हवी असेल तर सिटी सर्व्हे ऑफिसातून), त्यावर क्षेत्र 46.5 चौरस मीटर आहे. नकाशात रस्त्याकडची बाजू 4.65 मीटर, म्हणजे खोली 10 मीटर. आणि दादाने काल रात्री दुकान बंद झाल्यावर टेप लावून मागच्या भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून शटरपर्यंत मोजलं ते 9.40 मीटर भरलं. म्हणजे शटरच्या पुढे 60 सेंटिमीटर, धरा दोन फूट, जागा आपल्याच मालकीची आहे.

ओटा किती आहे? चार फूट. म्हणजे आतले दोन फूट आपले, पुढचे दोन फूट गटारावर, तेवढेच काढायचे. शेड सहा फूट बाहेर आलीय, तिचे चार फूट जास्त. गोण्या, तेलाचे डबे आणि तो कोल्ड्रिंकचा फ्रीज तर ओट्याच्याही पुढे फूटपाथवर, ते पूर्णच आत घ्यावं लागेल.

हे माप शंभर टक्के पक्कं धरू नका, जुन्या पेठेतले प्लॉट काटकोनात नसतात, एक बाजू अर्धा फूट आत-बाहेर असू शकते. वाद झालाच तर भूमी अभिलेखकडून सरकारी मोजणी मागावी लागते, तिला फी आणि वेळ दोन्ही लागतं, ती 17 तारखेच्या आत होणार नाही. त्यामुळे मोजणी मागायची म्हणून काम थांबवायचं नाही, जे दोन फूट उघड उघड गटारावर आहेत ते काढायचे आणि आपल्या दोन फुटांपुरता खुलाशात मुद्दा मांडायचा. घाबरून अख्खा ओटा फोडू नका, आणि हट्टाने अख्खा ठेवूही नका. पथक आलं की ते जेसीबीने एकच फटका मारतात, त्यात आपले आतले दोन फूट आणि कधी शटरची पट्टी पण जाते, वर काढण्याचा खर्च आपल्याकडूनच वसूल होतो. स्वतः गवंडी लावून कटरने सरळ रेघेत कापलं तर आतला भाग शाबूत राहतो.

पायऱ्यांचं काय करायचं याचा विचार मी दादाशी बोलून केलाय. दुकानाची जमीन रस्त्यापासून दीड फूट वर आहे, पाणी शिरायचं म्हणून आजोबांनी उचलून घेतली होती, त्यामुळे पायरीशिवाय म्हाताऱ्या माणसांना चढता येणार नाही. दीड फूट म्हणजे 18 इंच, 6 इंचाचे तीन टप्पे, मध्ये 10 इंचाच्या दोन पायऱ्या, एकूण 20 इंच. आपली जागा साधारण 23 इंच आहे. बसतंय मामा, पायऱ्या पूर्ण आपल्या हद्दीत बसतायत. लोखंडी उचलायची पायरी करू असं तुम्ही म्हणाला होतात, पण ती फूटपाथवर ठेवली की परत 230 च लागतं, रोज सकाळी ठेवायची आणि रात्री उचलायची म्हणून ती कायदेशीर होत नाही.

शेडचे पुढचे चार फूट वेल्डरकडून कापून घ्या. पावसाळ्यासाठी जास्त पुढे हवी असेल तर आयुक्तांची लेखी परवानगी मागता येते, पण ती परवानगी हातात आल्यावरच पत्रा लावायचा.

आता एक जी चूक मी स्वतः बघितलीय ती सांगते. मी काम करते तिथे मागच्या वर्षी एक दुकानदार आले होते, त्यांनी अतिक्रमणाचा दंड भरला, पावती घेतली, आणि ती पावती म्हणजे आता मिटलं असं समजून ओटा तसाच ठेवला. तीन आठवड्यांनी पथक आलं. पावती दाखवली तर ते म्हणाले हा झालेल्या गोष्टीचा दंड आहे, ठेवायची परवानगी नाही. खरंच तसं असतं. दंडाची पावती, किंवा कुठल्याही वसुलीची पावती, ती जागेवरचा हक्क देत नाही. तुमच्याकडे पण ड्रॉवरमध्ये 2 जुन्या दंडाच्या पावत्या आहेत, त्या खुलाशाला जोडू नका, त्यातून एवढंच दिसतं की हे अतिक्रमण जुनं आहे आणि तुम्हाला माहीत होतं.

आणि भाजीवाल्या मावशी. मामा, हे जरा मोकळेपणानं लिहिते. त्या रोजचे 50 रुपये तुम्हाला देतात ते आजपासून घेऊ नका. फूटपाथ आपला नाही, त्याचं भाडं घ्यायचा अधिकार आपल्याला नाही, आणि नोटिशीत "दुकानदाराच्या संमतीने बसलेली विक्रेती" असे शब्द आहेत म्हणजे कोणीतरी तक्रारीत ते लिहिलंय. पण त्यांना हाकलून पण देऊ नका. फेरीवाल्यांसाठी 2014 चा वेगळा केंद्रीय कायदा आहे, त्यांचा सर्व्हे झाला असेल, प्रमाणपत्र असेल तर त्यांना त्यांचे हक्क आहेत, ते त्यांनी त्यांच्या नावाने मांडायचे. त्यांना एवढं सांगा की त्यांचा माल उचलला तर नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत द्यायचा असं त्या कायद्यात आहे, पंचनाम्याची यादी मागून घ्या. तो नियम फेरीवाल्यांसाठी आहे, आपल्या गोण्या उचलल्या तर आपल्याला लागू नाही, म्हणून गोण्या आधीच आत घ्या.

खुलासा कसा लिहायचा ते खाली देते, साधं ठेवलंय. तुम्ही मागच्या वेळी लिहिलं होतं तसं "गरीब दुकानदार आहे, साहेबांनी दया करावी" असं नको, आणि "सगळ्या लाइनीत ओटे आहेत, आमच्यावरच का" हे पण नको. ते खरं असेल, मला पण राग येतो, पण शेजाऱ्याचा ओटा आहे म्हणून आपला कायदेशीर होत नाही, उलट अख्खी लाइन आपल्यावर नाराज होते.

"प्रति, मा. सहायक आयुक्त, क्षेत्रीय कार्यालय. विषय: आपली नोटीस जा. क्र. (नोटिशीवरचा), दि. 6 मार्च, याबाबत खुलासा. महोदय, वरील नोटीस मला दि. 10 मार्च रोजी मिळाली. दुकानासमोरील गोण्या, डबे व फ्रीज हटवले आहेत. ओट्याचा गटारावरील सुमारे 2 फूट भाग व शेडचा सुमारे 4 फूट भाग मी स्वखर्चाने काढला आहे. काढण्यापूर्वीचे व नंतरचे फोटो सोबत जोडले आहेत. शटरपुढील सुमारे 60 सें.मी. जागा मिळकत पत्रिका व नकाशाप्रमाणे आमच्या मिळकतीच्या हद्दीत आहे, त्यावर कारवाई करण्यापूर्वी स्थळ पाहणी करून मला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी. समोर बसणाऱ्या विक्रेत्याशी माझा कोणताही व्यवहार नाही. कळावे."

शेवटचं ते वाक्य तेव्हाच लिहायचं जेव्हा ते खरं असेल. म्हणजे 50 रुपये खरोखर बंद झाल्यावर. आणि "काढला आहे" हे पण काढून झाल्यावरच. काम 17 च्या आत पुरं होत नसेल तर "काढण्याचे काम सुरू असून दि. अमुकपर्यंत पूर्ण करतो" असं लिहा आणि ती तारीख पाळा.

फोटो घेताना एक काळजी घ्या. ओटा कापायच्या आधी टेप लावून फोटो काढा, शटरपासून टेपचा आकडा दिसला पाहिजे, आणि कापल्यावर त्याच जागी उभं राहून परत. नुसता लांबून काढलेला फोटो काही सिद्ध करत नाही. मोबाइलमधला मूळ फोटो ठेवा, व्हॉट्सअॅपवरून आलेल्यात तारीख निघून जाते.

तरीही पथक आलंच तर वाद घालायचा नाही, कोणाच्या अंगावर जायचं नाही, सरकारी कामात अडथळा आणला असा गुन्हा लागला तर ओटा राहतो बाजूला आणि कोर्टाच्या तारखा सुरू होतात. खुलाशाची पोच दाखवा, स्थळ पाहणी झाली का विचारा, माल उचलला तर पंचनाम्याची प्रत मागा आणि मला फोन करा.

हे दोन्ही विषय जिथे जोडले जातात तो कलम 386 आहे. लायसन अटींवर दिलेलं असतं आणि अट मोडली तर ते निलंबित किंवा रद्द करता येतं. तुमच्या जुन्या लायसनच्या मागे बारीक अक्षरात अटी आहेत, त्यात "सार्वजनिक रस्त्यावर माल ठेवणार नाही" अशी आहेच. म्हणून क्रम असा ठेवा: आज आणि उद्या गोण्या-फ्रीज आत आणि भाजीवाल्या मावशींशी बोलणं, 13 आणि 14 ला ओटा आणि शेड कापणं, 15 किंवा 16 ला अतिक्रमण विभागात खुलासा देऊन पोच, आणि ती पोच हातात घेऊन मगच कर भरून लायसनचे दोन्ही अर्ज, 20 तारखेच्या आत. मार्चअखेरला तिथे रांग लागते, सर्व्हर बंद पडतो, 31 ची वाट बघत बसू नका. लायसनचा निरीक्षक पाहणीला आला तर त्याला फूटपाथ मोकळा दिसला पाहिजे.

बोर्डाकडे पण एकदा बघा. नोटिशीत नाहीये, पण निरीक्षक येणारच आहे तर. दुकानाचं नाव मराठीत देवनागरीत हवं आणि इतर भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान नको, 2022 पासून लहान दुकानांना पण ते लागू आहे. आपल्या बोर्डावर कोल्ड्रिंक कंपनीने इंग्रजीत मोठं आणि मराठीत बारीक लिहून दिलंय, पेंटर बोलवून अक्षरं मोठी करून घ्या.

आता मला तीन गोष्टी पाठवा: जुन्या लायसनच्या मागच्या बाजूचा फोटो, आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्याचा फोटो, आणि नोटिशीवरचा जावक क्रमांक स्पष्ट दिसेल असा एक फोटो, आईने पाठवलेल्यात शिक्क्याखाली गेलाय. संमतीपत्राचा मजकूर मी आज रात्री टाइप करते, परवा शनिपाराच्या बाजूने येणार आहे तेव्हा आईची सही घेऊनच येते.

तुमची भाची